गहाणखत वाचताना मथळा सोडून द्या

वाड्याच्या दर्शनी भागातले दोन गाळे. मालकाने ते तीन लाखांच्या कर्जापोटी गहाण टाकले, व्याज दसादशे दहा टक्के. कागदावर ठळक अक्षरांत लिहिले आहे ‘साधे गहाणखत’. दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत आणि दस्त नोंदणीकृत आहे. मग गहाण साधे झाले का? बहुतेक लोक ‘हो’ म्हणतील. पण दुसऱ्या पानावर हा मजकूर सापडतो: ‘गाळ्यांचा ताबा आज रोजी तुम्हांस दिला आहे. मुद्दल फिटेपर्यंत गाळ्यांचे भाडे तुम्ही वसूल करावे व ते व्याजापोटी समजावे.’ एवढ्या दोन वाक्यांनी मथळा निकामी झाला. हे ताबेगहाण आहे.

‘दस्ताला जे नाव दिले, तेच त्याचे स्वरूप’

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८ मध्ये गहाणाच्या प्रत्येक प्रकाराची व्याख्या आहे. ती व्याख्या अटींवर उभी आहे, नावावर नाही. दस्तलेखक जुना मसुदा समोर ठेवून लिहितो आणि मथळा तसाच उतरतो, हे नोंदणी कार्यालयाच्या आवारात काही नवे नाही. न्यायालय मात्र आतला मजकूर पाहते. म्हणून खत हातात आले की तीन गोष्टी शोधाव्यात: ताबा कोणाकडे आणि कधीपर्यंत, पैसे परत देण्याचे वचन कोणी व कसे दिले, आणि पैसे थकले तर धनकोने काय करायचे.

आपल्या गाळ्यांच्या खतात हीच उत्तरे बदलून पाहू. समजा, ताब्याचा उल्लेखच नाही. मालक भाडे स्वतःच घेतो आहे. खतात लिहिले आहे, ‘सदर रक्कम मी व्याजासह फेडीन, न फेडल्यास तुम्ही गाळ्यांच्या विक्रीतून ती वसूल करावी.’ हे साधे गहाण, ज्याला आपल्याकडे नजरगहाणही म्हणतात. इथे दोन खांब आहेत: ऋणकोने स्वतःला व्यक्तिशः बांधून घेणे आणि विक्रीचा हक्क. विक्रीचा हक्क स्पष्ट शब्दांत नसला आणि मजकुरातून ध्वनित होत असला, तरी चालते. पण ‘विक्रीतून वसूल करावी’ याचा अर्थ धनकोने गिऱ्हाईक शोधून गाळे विकून टाकावेत असा होत नाही. त्याला सहसा दिवाणी दावा लावून विक्रीचा हुकूमनामा घ्यावा लागतो.

‘ताबा दिला की ताबेगहाण’

हा समज अर्धाच खरा आहे. ताबा दिला किंवा देण्याचे कबूल केले, ही पहिली अट. तो ताबा पैसे फिटेपर्यंत ठेवण्याची मुभा आणि उत्पन्न व्याजात, मुद्दलात किंवा दोन्हींत वळते करून घेण्याचा अधिकार, या पुढच्या अटी. निखळ ताबेगहाणात ऋणको ‘मी पैसे फेडीन’ असे व्यक्तिशः वचन देत नाही. त्यामुळे धनकोला गाळे विकायला लावता येत नाहीत आणि एरवी ऋणकोवर पैशांचा दावाही टाकता येत नाही. भाडे खात बसून राहायचे, इतकेच त्याच्या हाती असते.

मात्र त्याच खतात ताबाही आहे, ‘मी व्यक्तिशः फेडीन’ही आहे आणि ‘न फेडल्यास विक्री’ही आहे, असे झाले तर? असा सरमिसळ दस्त कलम ५८ प्रमाणे विलक्षण गहाणात जातो आणि पक्षांचे हक्क त्या खतातल्या करारावरून ठरतात. व्यवहारात असे दस्त पुष्कळ असतात. धनकोला सगळेच हवे असते ना!

ताबेगहाणात ‘व्याजापोटी’ हा एक शब्द केवढा फरक करतो, ते हिशेबानेच दिसते. कर आणि डागडुजी वजा जाता गाळ्यांचे निव्वळ भाडे वर्षाला ५० हजार आहे असे धरू. व्याज होते ३० हजार. भाडे ‘संपूर्ण व्याजापोटी’ असेल, तर दहा वर्षांनंतरही तीन लाख मुद्दल जसेच्या तसे उभे. तेच भाडे ‘व्याज व मुद्दल यांत वळते करावे’ असे असेल, तर पहिल्या वर्षी मुद्दलातले २० हजार कमी होतात, पुढच्या वर्षी व्याज २८ हजारांवर येऊन २२ हजार, असे करत दहाव्या वर्षात कर्ज पूर्ण फिटते. कलम ६२ प्रमाणे, उत्पन्नातून कर्ज फिटले की ऋणकोला एक पैसाही न देता ताबा परत मागता येतो. आणि ताब्यात असलेल्या धनकोने जमाखर्चाचा हिशेब ठेवला पाहिजे, असे कलम ७६ सांगते. म्हणून ऋणकोच्या वारसांनी आधी हिशेब मागावा, पैशांची जुळवाजुळव मागाहून.

‘इंग्रजी गहाण म्हणजे विक्रीच’

घाबरवणारा मजकूर असा असतो: ‘गाळे तुमच्या नावे पूर्णपणे हस्तांतरित करीत आहे.’ वाचणाऱ्याला वाटते, मालमत्ता गेली. पण पुढचे वाक्य वाचा: ‘अमुक तारखेस रक्कम परत करण्याचे मी बांधून घेतो आणि रक्कम मिळताच तुम्ही गाळे माझ्या नावे परत करून द्यावेत.’ ठरलेली तारीख, पूर्ण हस्तांतर आणि परत हस्तांतराची अट, हे तिन्ही एकत्र आले की ते इंग्रजी गहाण. ‘पूर्णपणे’ या शब्दाला न जुमानता ऋणकोकडे हितसंबंध शिल्लक राहतो, असे प्रिव्ही कौन्सिलने १९३९ मध्येच म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मुंबईतल्या एका प्रकरणात आणखी स्पष्ट केले: धनकोने लिलाव केला तरी विक्रीखत नोंदून पूर्ण होईपर्यंत ऋणको पैसे भरून मालमत्ता सोडवू शकतो.

हा प्रकार ओळखणे महत्त्वाचे ठरते ते कलम ६९ मुळे. न्यायालयात न जाता विक्री करण्याचा अधिकार तिथे मोजक्या परिस्थितींत मिळतो. मुंबई, कोलकाता, चेन्नई अशा शहरांतली मालमत्ता असून खतात तो अधिकार स्पष्ट दिलेला असला, तर तो कोणत्याही प्रकारच्या गहाणात चालतो. धनको सरकार नसेल आणि शहराची ही अटही पुरी होत नसेल, तर मात्र दस्त इंग्रजी गहाणाचाच हवा, आणि पक्षांपैकी कोणीही हिंदू, मुसलमान वा बौद्ध नसावा. १८८२ सालचा हा धागा आजही कायद्यात आहे. बँका मात्र याच्या फारशा वाट्याला जात नाहीत. गृहकर्जाला बहुधा हक्कलेख ठेवून गहाण होते आणि वसुली २००२ च्या सरफेसी कायद्याने.

‘तीस वर्षांनी गहाण जमीन सावकाराची’

गहाण सोडवण्याचा दावा तीस वर्षांत, हे मुदत कायद्यात आहेच. साध्या आणि इंग्रजी गहाणात ती मुदत सोडवण्याचा हक्क मिळाल्यापासून धावते. ताबेगहाणाचे वेगळे. सिंह राम विरुद्ध शिव राम या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले की, ताबेगहाणात मुदत खताच्या तारखेपासून नव्हे, तर उत्पन्नातून वा रोखीने पैसे फिटल्यापासून मोजायची. नुसती वर्षे उलटल्याने धनको मालक होत नाही. मात्र पैसे फिटल्यानंतर घड्याळ सुरू होते. तेव्हा ‘भाडे मुद्दलात वळते’ असे लिहिले असेल आणि कर्ज कधीच फिटलेले असेल, तर ऋणकोच्या वारसांनी हातावर हात ठेवून बसू नये.