ओठांचे हसू, कपाळाची आठी

इंग्रजीत चेहऱ्यावरच्या भावांसाठी पाच क्रियापदे सतत वापरली जातात: स्माइल, ग्रिन, स्मर्क, फ्राउन आणि स्काउल. शब्दकोशात पहिल्या तिघांपुढे ‘हसणे’ आणि उरलेल्या दोघांपुढे ‘कपाळाला आठ्या घालणे’ एवढेच लिहिलेले आढळते. प्रत्यक्षात चेहऱ्याचा नेमका कोणता भाग हलतो आणि त्याच्या जोडीला दुसरा कोणता भाग येतो, यावर यातल्या प्रत्येक क्रियापदाचा अर्थ ठरतो.

चेहऱ्याचे स्नायू बाकीच्या शरीरातल्या स्नायूंसारखे हाडाला हाड जोडत नाहीत. त्यांचे एक टोक बहुधा हाडाला आणि दुसरे त्वचेला चिकटलेले असते. स्नायू आखडला की त्वचाच ओढली जाते आणि तिच्यावर घडी पडते. या सगळ्यांना हुकूम देते ती सातवी मस्तिष्क-चेता. पुढच्या विवेचनाला तीन स्नायू पुरेसे आहेत: गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत तिरका जाणारा झायगोमॅटिकस, डोळ्याभोवती कड्यासारखा असलेला ऑर्बिक्युलॅरिस आणि भुवईच्या आतल्या टोकाशी दडलेला छोटासा कॉरुगेटर.

स्माइल म्हणजे झायगोमॅटिकसने ओठांचे कोपरे वर आणि मागे खेचणे. आवाज नाही, तोंड उघडण्याची सक्ती नाही. पण ओठ हलले म्हणजे आनंद झालाच, असे नाही. हे दाखवून दिले पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात काम करणाऱ्या गियोम द्यूशेन या डॉक्टरने. त्याच्याकडे एक बोळक्या तोंडाचा म्हातारा होता. या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याची संवेदना जवळजवळ गेलेली असल्यामुळे विजेचे टोक टेकवून एकेक स्नायू वेगळा आखडवता येई आणि त्याला त्रासही होत नसे. द्यूशेनने अशा प्रयोगांची छायाचित्रे घेऊन 1862 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. झायगोमॅटिकसला वीज दिली की ओठ हसत, पण डोळे कोरडे राहत. तोच म्हातारा आपणहून खुशीत हसला की डोळ्याभोवतीचा स्नायूही आखडे, खालची पापणी किंचित फुगे आणि डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांशी बारीक सुरकुत्या उमटत.

चार्ल्स डार्विनने ही चित्रे ओळखीच्या लोकांना दाखवली. खऱ्या हास्याचे चित्र सर्वांनी सहज ओळखले. विजेने घडवलेल्या हास्याचे चित्र 24 जणांनी पाहिले. त्यांपैकी तिघांना काहीच सांगता आले नाही. इतरांना ते हसण्यासारखे काहीतरी वाटले, पण कुणाला त्यात दुष्ट चेष्टा दिसली, तर कुणाला हसण्याचा केविलवाणा प्रयत्न. एका स्नायूची गैरहजेरी पाहणाऱ्याला एवढी खुपते.

डोळ्यांवरून खरे हसू ओळखण्याच्या या कसोटीला मर्यादा आहेत. डोळ्याभोवतीचा स्नायू मुद्दाम आखडणे बऱ्याच जणांना जमते. शिवाय ओठ जोरात ताणले तरी गाल वर ढकलले जातात आणि डोळ्यांपाशी सुरकुत्या पडतात. म्हणून मोठ्या हास्यात नुसत्या सुरकुत्या पाहून भागत नाही. भुवई आणि पापणी यांच्या मधली त्वचा किंचित खाली उतरली आहे का, हे पाहणे अधिक भरवशाचे. आणखी एक खूण डॉक्टरांच्या परिचयाची आहे. मेंदूच्या हालचाल-केंद्राला इजा झालेल्या काही रुग्णांना ‘हसून दाखवा’ म्हटले की ओठाची एकच बाजू उचलते. त्याच रुग्णाला विनोद ऐकून हसू फुटले की दोन्ही बाजू सारख्या उचलतात. स्नायू तेच असतात, पण ठरवून हसण्याची आणि आपोआप हसण्याची वाट मेंदूत वेगवेगळी असते.

ग्रिनमध्ये दात दिसतात. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद वेदनेने किंवा रागाने दात विचकण्यासाठी होते. खुशीचा अर्थ नंतर आला. म्हणूनच आजही ग्रिन दोन्हीकडे जाते: बक्षीस मिळालेल्या पोराचे तोंडभर हसू आणि कळ सोसताना आवळलेले दात. मराठीत ही दोन टोके ‘दात काढणे’ आणि ‘दात विचकणे’ अशी वाटली गेली आहेत, मात्र दोन्हींत थोडी नापसंती मिसळलेली असते. ग्रिनमधला निर्मळ आनंद मराठीत आणायचा तर ‘तोंडभर हसणे’ हेच बरे. दातांना सीमारेषा मानण्याची कल्पना भरताच्या नाट्यशास्त्रातही आहे. तिथे हास्याचे सहा प्रकार आहेत. पहिल्या स्मितात गाल किंचित फुलतात आणि दात दिसत नाहीत. दुसऱ्या हसितात ते थोडे दिसू लागतात.

स्मर्क हे एकेकाळी साधे ‘हसणे’ होते. स्माइल रुळत गेले तसे ते मागे पडले आणि ‘स्वतःवर खूष होऊन हसणे’ एवढ्या कोपऱ्यात जाऊन बसले. त्यात ओठ मिटलेले असतात आणि बहुधा एकच कोपरा आवळून वर जातो. डोळे त्यात सामील होत नाहीत. समोरचा चुकला आणि ते आपल्याला आधीच ठाऊक होते, हा त्याचा भाव. ‘कुत्सित हसणे’ यात दंश जास्त आहे, ‘गालातल्या गालात हसणे’ यात मिस्कीलपणा जास्त आहे. स्मर्क या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडते. एकतर्फी हसू दिसले की लगेच तिरस्काराचा आरोप करू नये. काही चेहरे मुळातच थोडे असमान असतात. आणि एखाद्याच्या ओठाची एक बाजू अचानक लोंबू लागली, तर ते हसू नसून पक्षाघाताचे लक्षण असू शकते, अशा वेळी ताबडतोब रुग्णालय गाठावे.

या पाचांत सर्वांत जास्त गैरसमज फ्राउनबद्दल आहेत आणि सर्वांत जास्त रंजक तेच आहे. कॉरुगेटर आखडला की भुवया एकमेकींकडे आणि खाली ओढल्या जातात. त्यांच्या मध्ये, नाकाच्या वर, एक-दोन उभ्या रेषा पडतात. मराठीतल्या ‘आठ्या’ मात्र उभ्याही असतात आणि आडव्याही. आडव्या आठ्यांचा स्नायू निराळा: कपाळाचा मोठा स्नायू भुवया वर उचलतो तेव्हा त्या पडतात आणि त्या बहुधा आश्चर्याच्या किंवा काळजीच्या असतात. इंग्रजी फ्राउन मुख्यतः उभ्या रेषांचे आहे.

उभ्या रेषा म्हणजे राग, असे सरसकट समजले जाते. डार्विनने 1872 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भावदर्शनावरच्या ग्रंथात या समजाला हात घातला. त्याचे निरीक्षण असे की, विचारात कितीही गढलेल्या माणसाच्या भुवया सहसा शांत असतात. विचाराच्या वाटेत अडथळा आला, की त्या जवळ येतात. पायात न जाणारा घट्ट बूट ओढणारा, बोलताना अडखळणारा, पुस्तकातले वाक्य न उलगडणारा, या सगळ्यांच्या कपाळावर तीच रेषा उमटते, आणि यांपैकी कुणीही रागावलेला नसतो. मनासमोर किंवा शरीरासमोर आलेली अडचण हा फ्राउनचा मूळ आशय आहे. राग हा अडचणीचा एक प्रकार म्हणून त्यात येतो. हे मत आजही पटण्यासारखे आहे. वर्गात आठ्या घालून बसलेला विद्यार्थी चिडलेला आहे असे मानणारा शिक्षक बहुतेक वेळा चुकतो. त्या मुलाला गणित कळत नसते, इतकेच. त्याला रागावण्याऐवजी मागची पायरी पुन्हा सांगितली की रेषा बहुधा आपोआप मिटते.

हे भाव जगभर सारखे आहेत का, हे तपासायला डार्विनने 16 प्रश्नांची एक यादी दूरदूरच्या लोकांना पाठवली होती. कोडे सोडवताना माणूस भुवया आवळतो का, हाही त्यातला एक प्रश्न. 36 उत्तरे आली. मुंबई इलाख्यातल्या अहमदनगरला दीर्घकाळ राहिलेल्या अर्स्किन नावाच्या गृहस्थानेही इथल्या लोकांचे चेहरे न्याहाळले. पण खात्रीचा निष्कर्ष काढणे त्याला फार अवघड गेले, कारण युरोपीय माणसासमोर इथले लोक आपल्या भावना दाबून ठेवत. नगरला गोऱ्या माणसापुढे उभ्या राहिलेल्या त्या कोऱ्या चेहऱ्यांनी एका महत्त्वाच्या ग्रंथात अशी नोंद मिळवली. कुणासमोर काय दाखवायचे आणि काय नाही, हे माणसे समाजात शिकतात, याचा हा पुरावा आहे आणि तोही आपल्या मुलखातला.

मराठीने या बाबतीत इंग्रजीपेक्षा एक बारीक फरक जास्त टिपला आहे. कपाळाला आठ्या ‘पडतात’ आणि आठ्या ‘घातल्या’ही जातात. पडतात त्या नकळत. घातल्या जातात त्या समोरच्याला कळाव्यात म्हणून. ‘हिशेब जुळेना, तशा त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या’ आणि ‘पाहुणे दिसताच तिने आठ्या घातल्या’ ही वाक्ये अदलाबदल करून चालत नाहीत. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच फ्राउन आहे आणि अर्थ शेजारच्या शब्दावरून काढावा लागतो. ‘ॲट’ आले तर नजर समोरच्या माणसाकडे किंवा वस्तूकडे असते. ‘ऑन’ किंवा ‘अपॉन’ आले तर भुवयांचा संबंध उरत नाही आणि अर्थ ‘नापसंत करणे’ असा होतो.

अमेरिकेत फ्राउनचा आणखी एक अर्थ चालतो: ओठांचे कोपरे खाली वळवणे, म्हणजे रडवेले तोंड करणे. ब्रिटिश वाचकाच्या मनात फ्राउन भुवयांवर असते, अमेरिकी लहान मुलाच्या चित्रात ते तोंडावर असते. संगणकावरच्या ☹ या चिन्हाच्या अधिकृत नावात ‘फ्राउनिंग’ आहे, पण चिन्हाला भुवयाच नाहीत. अमेरिकी कथेचा अनुवाद करताना पात्र उदास आहे की कोड्यात पडले आहे, हे आधी ठरवावे लागते.

फ्राउनची रेषा नेहमी मनातूनच येते असेही नाही. उन्हात, धुरात किंवा चष्म्याचा नंबर वाढला असताना तोच स्नायू आखडतो. वय वाढले की वारंवार पडलेली घडी कायमची राहते आणि शांत बसलेला माणूसही त्रासलेला दिसू लागतो. या रेषांसाठी बोट्युलिनम विषाचे सौम्य इंजेक्शन वापरायला अमेरिकेत 2002 मध्ये परवानगी मिळाली. स्नायू काही महिने सैल पडतो आणि मग पूर्ववत होतो. तोपर्यंत खरी अडचण आली तरी भुवया पुरत्या जवळ येत नाहीत.

स्काउलमध्ये फ्राउनच्या भुवया असतात, पण त्या एकट्या नसतात. नजर रोखलेली असते, ओठ घट्ट मिटलेले किंवा खालचा ओठ पुढे आलेला असतो, आणि हे सारे क्षणात मिटत नाही. फ्राउन पुस्तकावरही पडते. स्काउलला सहसा कुणीतरी दोषी लागतो. त्यात रागाबरोबर रुसवा आणि धुसफूस असते, म्हणून ओरडणाऱ्यापेक्षा न बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते जास्त दिसते. ‘डोळे वटारणे’ हा त्याचा पर्याय नाही, कारण त्यात सारे काम डोळ्यांचे असते आणि समोरच्याला धाक घालून ते संपते. ‘कपाळाला आठ्या घालून रागाने पाहत राहणे’ हे लांबलचक भाषांतर अर्थाने जवळचे आहे. कथेत पात्र घुम्या स्वभावाचे असेल, तर ‘तोंड फुगवून बघत राहिला’ एवढ्यानेही स्काउल मराठीत नीट उतरते.