तासातला किस्सा उजळणीच्या पानावर घ्यावा का? पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

तासाभराचे व्याख्यान एका पानात बसवायचे तर काय गाळायचे, हा प्रश्न लगेच उभा राहतो. व्याख्या, प्रकार आणि मर्यादेचे आकडे घ्यायचे याबद्दल कुणाचा वाद नसतो. अडते ते उदाहरणांपाशी, किश्श्यांपाशी आणि शिक्षक जाता जाता जे बोलून जातात त्यापाशी. काही विद्यार्थी हे सगळे सरसकट काढून टाकतात, काही सगळेच उतरवून घेतात. दोन्ही वेळा परीक्षेच्या आदल्या रात्री ते पान पुरेसे उपयोगी पडत नाही.

कुरुंदवाड परिसरातल्या विद्यार्थ्याला ओळखीचा विषय घेऊन हे पाहू: क्षारपड जमीन. शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या काळ्या, भारी रानांत उसाला वर्षानुवर्षे भरपूर पाणी दिले गेले. निचरा कमी असल्याने भूजल वर आले. ते पाणी मातीतून वर चढून उडून गेले आणि क्षार पृष्ठभागावर साचले. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने इथे जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून निचऱ्याची कामे झाली. असा विषय इथल्या वर्गात शिकवताना शिक्षक पुस्तकाइतकेच आजूबाजूच्या रानाबद्दल बोलणार. पुढे वापरलेला तास नमुन्यादाखल रचलेला आहे, त्यातले मृदाशास्त्र मात्र पुस्तकातलेच आहे.

गैरसमज १: उदाहरण म्हणजे मुद्द्यात घातलेले पाणी. मुद्दा लिहिला की उदाहरण गाळायचे.

वस्तुस्थिती: काही उदाहरणे मुद्दा नुसता पुन्हा सांगतात, काही त्यात भर घालतात. फरक ओळखायला एक सोपी कसोटी आहे. उदाहरण हाताने झाका आणि उरलेल्या वाक्यावरून प्रश्न सोडवून पाहा. सुटला, तर उदाहरण गाळा. अडला, तर उदाहरणात काहीतरी असे आहे जे मुद्द्याच्या वाक्यात उतरलेले नाही.

शिक्षक सांगतात, ‘चोपण जमीन जिप्समने सुधारते. एकाने रानात जिप्सम टाकले, पण पाण्याला बाहेर जायला वाटच नव्हती. पैसे गेले, जमीन होती तशीच राहिली.’ आता उदाहरण झाका. उरते ‘चोपण जमिनीवर उपाय जिप्सम’. परीक्षेत विचारले, ‘जिप्सम टाकूनही जमीन सुधारली नाही, कारण सांगा’, तर या वाक्यातून उत्तर निघत नाही. जिप्सममधले कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम सोडवते, पण सुटलेले सोडियम पाण्याबरोबर मुळांच्या खाली आणि रानाबाहेर जावे लागते. ही अट त्या उदाहरणातच दडलेली होती. म्हणून पानावर शेतकऱ्याची गोष्ट नको, तिच्यातली अट हवी: ‘जिप्सम + पाणी + निचरा. निचरा नसेल तर जिप्सम वाया.’

गैरसमज २: जे ठळक आठवते तेच महत्त्वाचे.

वस्तुस्थिती: तास संपल्यावर सर्वांत आधी आठवतो तो बहुधा सर्वांत रंगलेला भाग, आणि तो मुद्द्याचा असेलच असे नाही. शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर या संशोधकांनी १९९८ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. वीज कशी तयार होते हे समजावणारा मजकूर त्यांनी विद्यार्थ्यांना वाचायला दिला. काहींच्या मजकुरात वीज पडून माणसे कशी जखमी झाली अशी रंजक पण प्रक्रियेशी संबंध नसलेली माहिती मिसळली होती. ती वाचलेल्या विद्यार्थ्यांना वीज तयार होण्याचे टप्पे कमी आठवले आणि त्या ज्ञानावर आधारलेले नवे प्रश्नही कमी सोडवता आले. रंजक भाग सुरुवातीलाच आला तर नुकसान अधिक होते, शेवटी आला तर कमी. प्रयोग वाचनावरचा होता, पण उजळणीचे पान हेही वाचायचेच असते, त्यामुळे त्याचा धडा इथे थेट लागू पडतो.

आपल्या नमुन्याच्या तासात शिक्षक ऑगस्ट २०१९ च्या महापुराबद्दल दहा मिनिटे बोलले असे समजा. कुठपर्यंत पाणी आले, माणसे बोटीतून कशी काढली. वर्गातल्या प्रत्येकाने तो पूर पाहिलेला, म्हणून हाच भाग सर्वांत ठसतो. पण जमिनीत क्षार कसे साचतात, प्रकार कसे ओळखायचे आणि उपाय कोणते, या तिन्हींपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. तो पूर्ण गाळायचा. शीर्षकाखाली ‘महापूर २०१९’ एवढेही लिहायचे नाही. नाहीतर उजळणी करताना मन पहिल्याच ओळीला पुराकडे वळेल आणि क्षार पुरानेच येतात असा चुकीचा धागा जुळेल.

गैरसमज ३: तीन उदाहरणे असतील तर त्यातले सर्वांत चांगले एक ठेवावे.

वस्तुस्थिती: तिन्ही एकाच गोष्टीची असतील तर एक पुरते. पण शिक्षक पुष्कळदा दोन उदाहरणे फरक दाखवण्यासाठी शेजारी ठेवतात. तेव्हा एक गाळले की दुसऱ्याचाही अर्थ अर्धा होतो.

समजा शिक्षकांनी चार रानांची नावे घेतली. तीन रानांवर उन्हाळ्यात पांढरा थर येतो. चौथ्याचा पृष्ठभाग काळपट, ओले असताना चिकट, सुकल्यावर दगडासारखा कडक आणि पाणी दिले की वर साचून राहते. पहिली तीन क्षारयुक्त जमिनीची उदाहरणे आहेत, त्यांतले एक पुरे. चौथे चोपण जमिनीचे आहे, ते ठेवलेच पाहिजे. मिळून दोन उदाहरणे झाली, आणि ती वेगवेगळ्या कोपऱ्यांत न लिहिता समोरासमोर लिहायची.

मेरी गिक आणि कीथ होलिओक यांच्या १९८३ च्या प्रयोगांत याला आधार सापडतो. एकाच तत्त्वावरच्या दोन गोष्टी वाचून त्यांची तुलना केलेल्यांना नव्या प्रश्नात ते तत्त्व वापरणे एकच गोष्ट वाचलेल्यांपेक्षा अधिक जमले. तुलनेने तत्त्व गोष्टीपासून सुटे होते. त्यामुळे पानावर दोन उदाहरणे घेतलीत तर त्यांच्यात काय सारखे आणि काय वेगळे, हे एका ओळीत स्वतः लिहा. ती ओळ नसेल तर दोन उदाहरणांनी फक्त जागा अडवली.

गैरसमज ४: ‘जाता जाता सांगतो’ म्हटले की पेन खाली ठेवायचा.

वस्तुस्थिती: शिक्षकांचे विषयांतर चार प्रकारचे असते: परीक्षेची सूचना, नियमाची मर्यादा, स्वतःचे मत आणि निव्वळ गप्पा. शेवटचा प्रकार गाळायचा. मत घेतले तर ‘सरांचे मत’ असे शेजारी लिहायचे, म्हणजे ते उत्तरपत्रिकेत नियम म्हणून उतरणार नाही. पहिले दोन प्रकार मात्र हलक्या आवाजात आले तरी पानावर हवेतच.

या तासातले एक विषयांतर पाहा. विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असेल तर जमीन क्षारयुक्त, असे फळ्यावर लिहून झाल्यावर शिक्षक म्हणतात, ‘हा आकडा संपृक्त मातीच्या अर्काचा बरं का. आपल्याकडच्या प्रयोगशाळा बहुतेक एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन मोजतात.’ वाक्य फळ्यावर नाही, म्हणून पुष्कळ वह्यांतही नाही. पण जास्त पाण्यात क्षार विरळ होतात आणि त्याच मातीचा आकडा कमी येतो. ही ओळ गाळणारा विद्यार्थी १.८ असे लिहिलेला अहवाल पाहून क्षारांनी बिघडलेल्या जमिनीलाही चांगली ठरवू शकतो.

अशी वाक्ये ओळखायची खूण आहे. ‘पण’, ‘फक्त तेव्हाच’, ‘हे सगळीकडे लागू नाही’, ‘इथे मुले चुकतात’ असे शब्द विषयांतरात आले की ते विषयांतर राहिलेले नसते.

गैरसमज ५: किस्सा थोडक्यात लिहिला की त्याचा सारांश झाला.

वस्तुस्थिती: आखडलेला किस्सा हा किस्साच असतो. ‘एका शेतकऱ्याने पाईप घातले, ऊस दुप्पट आला’ या ओळीतून परीक्षेत काय लिहिणार? आणखी मोठा धोका असा की एका रानाचा अनुभव पानावर आल्याबरोबर नियमासारखा दिसू लागतो, आणि महिन्याभराने विद्यार्थी ‘निचऱ्याने उत्पादन दुप्पट होते’ असे ठाम लिहून मोकळा होतो. दुसऱ्या रानात माती, क्षार आणि पाणी सगळेच वेगळे असू शकते.

म्हणून किश्श्याला विचारायचे: तू कोणते विधान सिद्ध करायला आलास? या किश्श्यातले विधान आहे, ‘भूजल खाली गेले की मुळांना हवा मिळते, वरचे क्षार पाण्याने खाली धुऊन जातात आणि पीक सुधारते.’ ते लिहायचे, दुपटीचा आकडा सोडायचा. त्याच किश्श्यात शिक्षक म्हणाले असतील, ‘शेजाऱ्यांनी मिळून केले म्हणून जमले’, तर तेही घ्यायचे. पाईपमधले पाणी शेवटी नाल्यात किंवा ओढ्यात सोडावे लागते आणि ती वाट अनेकदा दुसऱ्याच्या रानातून जाते. ही त्या उपायाची अट आहे.

आता पूर्ण पान

या पाचही निर्णयांनंतर तासाभराच्या व्याख्यानाचे एवढेच उरते:

- कारण: जादा पाणी + भारी माती + निचरा नाही → भूजल वर → पाणी उडते, क्षार राहतात.
- क्षारयुक्त: वाहकता ४ पेक्षा जास्त, सामू ८.५ पेक्षा कमी, विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांपेक्षा कमी. खूण: पांढरा थर. उपाय: निचरा करून चांगल्या पाण्याने क्षार धुणे.
- चोपण: वाहकता ४ पेक्षा कमी, सामू ८.५ पेक्षा जास्त, सोडियम १५ टक्क्यांपेक्षा जास्त. खूण: काळपट, कडक, पाणी साचते. उपाय: जिप्सम + पाणी + निचरा. निचरा नसेल तर जिप्सम वाया.
- फरक: पहिलीत मोकळे क्षार जास्त, दुसरीत कणांना चिकटलेले सोडियम जास्त.
- क्षारयुक्त-चोपण: वाहकता ४ पेक्षा जास्त आणि सोडियमही १५ टक्क्यांपेक्षा जास्त. जिप्समशिवाय नुसती धुतली तर चोपण होते.
- सावध: ४ हा आकडा संपृक्त अर्काचा. १:२.५ मध्ये कमी येतो.
- भूमिगत निचरा: भूजल खाली → मुळांना हवा, क्षार खाली धुतात → पीक सुधारते. पाणी सोडायला वाट हवी, म्हणून शेजाऱ्यांनी मिळून.

पान बरोबर झाले की नाही हे लगेच कळत नाही, कारण तास डोक्यात ताजा असतो आणि गाळलेले भाग मन स्वतःच भरून काढते. दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग वही बंद ठेवून फक्त या पानावरून जुन्या प्रश्नपत्रिकेतले प्रश्न सोडवा. जिथे अडाल तिथे एखादी अट किंवा तुलना चुकून गाळली गेली आहे. वहीतून नेमकी तेवढी ओळ परत आणा. आणि ज्या ओळीकडे एकाही उत्तरासाठी पाहावे लागले नाही, ती कितीही आवडती असली तरी खोडून टाका.