ॲपमध्ये लपवलेली की लपत नाही: पेमेंटचं ॲप बनवून घेताना हे तपासा

गंजगोलाईतला किंवा वजिराबादचा दुकानदार ॲप बनवून घेतो तेव्हा रंग, फोटो, ऑफर सगळं बघतो. पेमेंटची की कुठं ठेवलीय, हे मात्र कुणी विचारत नाही.

रेझरपेचं उदाहरण घेऊ. तिथं दोन गोष्टी मिळतात. `key_id` म्हणजे दुकानाची पाटी, ती ग्राहकाला दिसली तरी चालते. `key_secret` म्हणजे गल्ल्याची किल्ली. ती हाती लागली की कुणीही तुमच्या ग्राहकांचे फोन नंबर आणि पेमेंट बघू शकतो. माल घेऊन स्वतःच्याच पेमेंटचा रिफंडही काढू शकतो.

ही किल्ली ॲपमधून निघते कशी? ॲपची एपीके फाईल म्हणजे एक झिप फाईल. ग्राहकाने ॲप घेतलं की ती पूर्ण फाईल त्याच्या फोनमध्ये जाते. जेएडीएक्स नावाच्या फुकट टूलने ती उघडून शोधता येते:

```
jadx -d out dukan.apk
grep -r -C 5 "rzp_live_" out
```

नुसती `rzp_live_` ने सुरू होणारी ओळ सापडली तर घाबरू नका, ती पाटी आहे. शेजारी `key_secret` सापडली तर मात्र गडबड आहे. 2021 मध्ये क्लाउडसेक कंपनीने रेझरपे वापरणारी सुमारे 250 ॲप तपासली, त्यातल्या 10 मध्ये दोन्ही उघड्या होत्या. चूक रेझरपेची नव्हती, ॲप बनवणाऱ्यांची होती.

डेव्हलपर म्हणेल, "कोड गुंतागुंतीचा करून देतो." त्यानं फक्त शोधायला वेळ लागतो. की वापरायची तर फोनला ती कधीतरी उलगडून पाठवावीच लागते आणि फोन ग्राहकाच्या हातात असतो.

म्हणून मधे आपला सर्व्हर हवा. समजा 850 रुपयांची साडी आहे. ॲपने फक्त "ही साडी, एक नग" एवढंच सांगायचं. किंमत सर्व्हरने स्वतःच्या यादीतून घ्यायची, नाहीतर कुणी फोनवरून 850 चा 1 करून पाठवेल. मग सर्व्हर `key_secret` वापरून रेझरपेकडे 85000 पैशांची ऑर्डर बनवतो आणि ॲपला फक्त `order_id` देतो. पैसे भरल्यावर ॲपकडे सही येते. ती `key_secret` ने सर्व्हरवरच तपासायची आणि जुळली तरच माल पाठवायचा.

पण एक लक्षात ठेवा: सर्व्हरवर रिफंडचं काम असेल तर तिथं मालकाचं लॉगिन पाहिजेच. नाहीतर किल्ली लपली, पण गल्ला उघडाच राहिला.

की आधीच ॲपमध्ये गेली असेल तर नुसतं अपडेट पुरत नाही, कारण जुनी फाईल लोकांच्या फोनमध्ये असतेच. आधी सर्व्हरची सोय करा, लगेच डॅशबोर्डवरून नवी की बनवून जुनी बंद करा आणि मागचे रिफंड एकेक करून तपासा.

डेव्हलपरला शेवटचा हप्ता देण्याआधी वरच्या दोन ओळी त्याला तुमच्यासमोर चालवायला लावा.