पडद्यामागची वही

गेल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटकाचं पडद्यामागचं काम आमच्या गटाकडे होतं. दिवे कधी, पाऊस कधी, सगळं एका ताईंना तोंडपाठ. ऐन प्रयोगाच्या संध्याकाळी त्यांचं लेकरू तापानं फणफणलं आणि त्या घरी गेल्या. नाटकातली आजी "वीज पडली गं!" म्हणून किंचाळली आणि वीज कडाडली चार वाक्यांनंतर. लोक हसले. आजी झालेली पोर विंगेत येऊन रडली.

म्हणून यंदा आम्ही प्रॉम्प्ट बुक केलं. साधी लाँगबुक घेतली. उजव्या पानांवर नाटकाची संहिता चिकटवली, डावी पानं कोरी ठेवली. उजवीकडे संवाद, डावीकडे आपलं काम. लिहायचं पेन्सिलीनं, कारण तालमीत रोज बदल होतो.

खरी मेख आहे ती खुणेत. "आजीच्या वाक्याला वीज" असं लिहून भागत नाही. वाक्याच्या सुरुवातीला की शेवटी? आम्ही "आभाळ भरून आलंय, पोरींनो" यातल्या "पोरींनो" या शब्दाखाली रेघ मारली, ती डाव्या पानापर्यंत ओढली आणि तिथं लिहिलं: "प्रकाश ४, आवाज ३". म्हणजे दिवा लखलखेल आणि गडगडाट होईल. मग आजी किंचाळेल. जिथं संवादच नाही तिथं कृती लिहायची: "घागर जमिनीला टेकताच." मध्येच नवी खूण आली तर "४अ" करायची. पुढचे आकडे बदलले की पाठ झालेलं सगळं विसकटतं.

प्रत्येक खुणेच्या अर्धं पान आधी "तयार" लिहायचं. वही धरणारी हळूच म्हणते, "प्रकाश चार, आवाज तीन, तयार." बटणावरच्या दोघी "तयार" म्हणतात. मग नेमक्या शब्दाला ती म्हणते, "सोड." हा शब्द विंगेत एरवी कुणी उच्चारायचा नाही. तालमीत एकीनं "सोड गं ती खुर्ची" म्हटलं आणि भर दुपारच्या प्रवेशात पाऊस सुरू झाला!

पोरं वाक्यं गाळतात, हे धरूनच चालायचं. तेव्हा वहीवालीनं पुढचं पान चाळून पोरं कुठं पोचलीत ते शोधायचं. चुकलेला आवाज मागाहून वाजवायचा नाही. एक मात्र वहीत मावत नाही: टाळ्या किती वेळ चालतील ते. तिथं रंगमंचाकडेच बघावं लागतं.

वही पुरी झाली का, हे कसं कळणार? रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी, एकाही तालमीला न आलेल्या ताईंच्या हातात आम्ही ती दिली. मधले संवाद गाळून खुणेमागून खूण घेतली. सतरापैकी तीन ठिकाणी त्या अडल्या. दोन ठिकाणी "तयार" राहिलं होतं आणि एका ठिकाणी आमचं अक्षर त्यांना लागेना. ते तिथल्या तिथं दुरुस्त केलं. प्रयोगाला वही त्यांच्याच हातात होती, बॅटरीवर निळा जिलेटिन कागद लावलेला. या वेळी वीज आजीच्या आधी कडाडली.