बारा संघांचा तक्ता

टेनिस बॉल स्पर्धेत बारा संघ आले, की बाद फेरीचा तक्ता सोळाच्या मापाने आखावा लागतो. उरलेल्या चार जागा म्हणजे चार 'बाय'. तक्त्याच्या प्रत्येक चतुर्थांशात एक बाय ठेवला, की तिथे तीन संघ येतात : दोघे आधी भिडतात, तिसरा थेट उपांत्यपूर्व फेरीत. एकूण सामने अकरा, कारण प्रत्येक सामन्यात एकच संघ बाद होतो.

आखणी मधल्या अंतिम सामन्याच्या चौकटीपासून दोन्ही कडांकडे करावी. म्हणजे रेषा समान अंतरावर पडतात. वेळ संघाच्या नावापुढे न लिहिता दोन रेषा जुळतात तिथे लिहावी, कारण पुढच्या फेरीतली नावे अजून ठरलेली नसतात.