डाळ शिजेना, कारण परतीचा पाइप बारीक

एका मोठ्या रुग्णालयाच्या आवारात मला बोलावलं होतं ते स्वयंपाकघराच्या तक्रारीवरून. बॉयलरघर एका टोकाला, मधे लॉन्ड्री, पुढे स्वयंपाकघर, अशी वाफेची मुख्य लाइन आवारभर फिरलेली. सकाळी सहाला लावलेली डाळ कधी वेळेत शिजायची, कधी नऊ वाजले तरी दाणे कच्चेच. बॉयलर नीट होता, वाफेचा दाबही बरोबर होता. कढईजवळचा फिटर म्हणाला, "साहेब, बायपास उघडला की लगेच शिजते. बंद केला की पुन्हा तेच."

त्याचं निरीक्षण अचूक होतं. आजार मात्र कढईत नव्हता, चाळीस मीटर दूर लॉन्ड्रीतून येणाऱ्या पाइपात होता.

वाफ आपली उष्णता कढईच्या दुहेरी भिंतीत सोडते आणि तिचं पाणी होतं. या पाण्याला कंडेन्सेट म्हणतात. ते लगेच बाहेर काढावं लागतं, कारण भिंतीत पाणी साचलं की नवी वाफ आत शिरत नाही आणि कढई तापत नाही. पण पाणी काढताना वाफ निसटता कामा नये. त्यासाठी कढईच्या खाली एक छोटी झडप असते, तिला स्टीम ट्रॅप म्हणतात. ती पाणी आणि हवा बाहेर सोडते, वाफ अडवून धरते. बाहेर आलेलं गरम पाणी परतीच्या पाइपातून बॉयलरच्या टाकीत जातं. ते परत आणण्यात मोठी बचत असते. बॉयलरला जाणारं पाणी सहा अंशांनी जास्त गरम असलं की इंधन साधारण एक टक्का कमी लागतं. म्हणजे तीस अंशांच्या नळाच्या पाण्याऐवजी नव्वद अंशांचं पाणी मिळालं, तर दहा टक्क्यांच्या आसपास इंधन वाचतं.

बहुतेक ठिकाणी चूक होते ती पुढच्या पायरीवर. ट्रॅपमधून पाणी बाहेर पडतं, म्हणून परतीचा पाइप पाण्याचा पाइप समजून घातला जातो. इथेही तसंच झालं होतं. लॉन्ड्रीच्या यंत्रांतून तासाला ६०० किलो कंडेन्सेट येत होतं. म्हणजे तासाला जेमतेम पाऊण हजार लिटरही नाही. पाण्याच्या हिशोबाने २५ मिलिमीटरचा पाइप त्याला भरपूर झाला. त्यात पाण्याचा वेग सेकंदाला तीस सेंटिमीटरच्या आसपास येतो. कागदावर यात काहीच चूक दिसत नाही.

पण लॉन्ड्रीला ७ बार दाबाची वाफ लागते आणि त्या दाबाला कंडेन्सेट १७० अंशांचं असतं. ट्रॅपच्या पलीकडे दाब एकदम खाली येतो. कमी दाबाला पाणी एवढं गरम राहू शकत नाही, म्हणून त्यातलं काही पाणी तिथल्या तिथे पुन्हा वाफ बनतं. या वाफेला फ्लॅश वाफ म्हणतात. ती गळती नाही, ट्रॅप कितीही चांगला असला तरी ती होणारच.

किती होते, ते वाफेच्या तक्त्यावरून काढता येतं. ७ बारच्या दाबाला किलोभर कंडेन्सेटमध्ये ७२१ किलोज्यूल उष्णता असते. परतीच्या पाइपात ०.२ बार दाब ठेवायचा ठरवला, तर तिथे पाणी फक्त ४३९ किलोज्यूल धरू शकतं. उरलेले २८२ किलोज्यूल पाण्याची वाफ करण्यात जातात आणि त्या दाबाला एक किलो वाफ व्हायला २२४४ लागतात. भागाकार केला की साडेबारा टक्के येतात. म्हणजे ६०० किलोंपैकी ७५ किलोंची पाइपात शिरताच वाफ होते.

७५ किलो हा आकडा लहान वाटतो, पण त्या वाफेला जागा किती लागते ते पाहा. ०.२ बारला किलोभर वाफ १.४३ घनमीटर जागा घेते. म्हणजे तासाला १०७ घनमीटर वाफ, आणि तिच्यासोबत जेमतेम अर्धा घनमीटर पाणी. पाइपातून वाहणाऱ्या ऐवजात पाण्याच्या एका भागामागे वाफेचे जवळजवळ दोनशे भाग. हा पाण्याचा पाइप नाहीच, ओल्या वाफेचा पाइप आहे आणि त्याचं माप वाफेनेच ठरवायला हवं.

अशा पाइपात वेग सेकंदाला १५ मीटरच्या आत ठेवतात. त्याहून वेगाने वाफ गेली तर ती पाण्याच्या लाटा उचलून वळणांवर आपटते. आमच्या २५ मिलिमीटरच्या पाइपात १०७ घनमीटर बसवायचे, तर वेग ५० मीटरच्या वर जातो. प्रत्यक्षात तसं होत नाही. पाइप तेवढं घेऊ शकत नाही, म्हणून त्यातला दाब वाढत जातो. दाब वाढला की वाफ थोडी कमी होते आणि आक्रसते, आणि कुठेतरी तोल साधतो. तो तोल कुठे साधतोय हे पाहायला आम्ही स्वयंपाकघराची फांदी जिथे त्या पाइपाला मिळते तिथे एक प्रेशर गेज बसवला. लॉन्ड्री बंद असताना काटा ०.२ वर होता. लॉन्ड्रीची सगळी यंत्रं चालू झाली आणि काटा ०.९ वर गेला.

कढयांना वाफ दिली जात होती १ बारची. ट्रॅपच्या अलीकडे १, पलीकडे ०.९. ट्रॅप पाणी ढकलतो तो या दोन दाबांमधल्या फरकावर, स्वतःच्या बळावर नाही. फरक उरला ०.१ बार. डाळ कधी शिजते आणि कधी नाही, याचा उलगडा लॉन्ड्रीच्या वेळापत्रकात होता.

फिटरने उघडलेल्या बायपासने पाणी जायचं खरं, पण त्याच्यामागून ताजी वाफही परतीच्या पाइपात शिरायची. आधीच तुंबलेल्या पाइपात आणखी वाफ. मग दुसऱ्या कढईचं पाणी अडायचं, तिचाही बायपास उघडायचा. मी गेलो तेव्हा तीनही बायपास उघडे होते आणि बॉयलरघराच्या छपरावरच्या टाकीच्या नळीतून ढग उठत होते.

यात ट्रॅपच्या निवडीचीही एक चूक मिसळली होती. कढयांना बॉल फ्लोटचा ट्रॅप लावला होता, हे बरोबर होतं. त्यात एक पोकळ गोळा पाण्यावर तरंगतो आणि पाणी येईल तसतशी झडप उघडत जाते. त्यामुळे पाणी साचून न राहता सतत निघतं, आणि वरची छोटी झडप सकाळची अडकलेली हवाही सोडते. पण त्याच्या पट्टीवर १४ बार लिहिलेलं होतं. स्टोअरने आवारभर एकच नग ठेवायचा म्हणून सगळ्यात जास्त दाबाचा घेतला होता. फ्लोट ट्रॅपमध्ये जितका दाब जास्त, तितकं आतलं भोक लहान ठेवावं लागतं, नाहीतर त्या दाबाविरुद्ध गोळ्याला झडप उघडता येत नाही. म्हणजे १ बारच्या कढईला सगळ्यात लहान भोकाचा ट्रॅप मिळाला होता. जास्त दाबाचा म्हणजे जास्त चांगला, हा समज इथे नेमका उलटा ठरतो.

ट्रॅप निवडायची रीत अशी. एका कढईचं कंडेन्सेट चालू स्थितीत तासाला ५० किलो होतं. थंड कढई तापवताना ते दुप्पट होतं, म्हणून १०० किलो धरायचं. सुरुवातीला वाफ झपाट्याने खर्च होते आणि कढईतला दाब पडतो, म्हणून दाबाचा फरक ०.८ न धरता ०.४ बारच धरायचा. मग कंपनीच्या तक्त्यात ०.४ बार फरकाला १०० किलो सोडणारा ट्रॅप शोधायचा. पाइपाचा व्यास पाहून ट्रॅप घ्यायचा नाही. दाबाचा फरक चौपटीने घटला की क्षमता ढोबळमानाने निम्मी होते, आणि ४.५ बारच्या नगात भोक मोठं असल्याने इथे तोच योग्य होता.

मुख्य लाइनवरचा ट्रॅप वेगळा. आवारातून धावणाऱ्या लाइनमध्ये दर तीस-पन्नास मीटरला पाणी गोळा करायला खाली एक खोलगट कप्पा देतात. तिथे चकतीचा ट्रॅप शोभतो. त्यात एक सपाट चकती टिक टिक करत उघडझाप करते. तो दणके सोसतो आणि स्वस्तही असतो, पण पाठीमागचा दाब पुढच्या दाबाच्या ऐंशी टक्क्यांच्या वर गेला की नीट मिटत नाही. ०.१ बारच्या फरकावर तर तो कामाचाच नाही. म्हणून स्वयंपाकघरात तो लावू नये.

नवा पाइप ठरवताना लॉन्ड्रीच्या १०७ घनमीटरमध्ये कढयांची थोडी वाफ मिळवली तर ११४ घनमीटर होतात. ५० मिलिमीटरच्या पाइपात वेग साडेचौदा येतो, म्हणजे बसतं पण काठावर. सहा महिन्यांत निर्जंतुकीकरण विभागाचं एक यंत्र वाढणार होतं. म्हणून ६५ मिलिमीटर घेतला. त्यात वेग दहाच्या आसपास राहतो. वाहत्या दिशेने उतार दिला, आणि फांद्या वरच्या बाजूने जोडल्या, म्हणजे पाइपाच्या तळातलं पाणी त्यांच्यात उलटं शिरत नाही. एक जोडणी मात्र मी हट्टाने तोडायला लावली. मुख्य लाइनवरचा एक ट्रॅप पंपाने भरलेल्या परतीच्या पाइपात सोडला होता. तुडुंब भरलेल्या, थोड्या थंड पाण्यात फ्लॅश वाफ शिरली की तिचा बुडबुडा क्षणात मिटतो आणि भोवतालचं पाणी हातोड्यासारखं आदळतं. त्या भागात रात्री ऐकू येणारा ठणठणाट यामुळेच होता.

रुंद पाइपानेही सुटत नाही असा एक प्रश्न आहे. गरम पाण्याच्या टाकीचं पाणी हव्या तापमानाला पोचलं की तिची वाफेची झडप मिटत जाते. आतला दाब उतरतो आणि प्रसंगी बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. अशा वेळी कंडेन्सेट पाच मीटर उंचीच्या पाइपात चढवायचं, तर नुसत्या उंचीलाच अर्धा बार लागतो. कोणताही ट्रॅप ते करू शकत नाही. तिथे कंडेन्सेट उताराने खालच्या उघड्या टाकीत उतरू द्यावं आणि तिथून पंपाने वर पाठवावं.

ट्रॅप गळतोय की नाही हे ओळखण्यासाठी पलीकडची चाचणीची झडप उघडा. फ्लॅश वाफ सुस्त, पांढरी, झडपेच्या तोंडापासूनच धुरकट असते. ताजी वाफ जोरात येते, आणि तोंडाजवळ एक-दोन इंच काहीच दिसत नाही, मग ढग सुरू होतो. जुने फिटर लांब पेचकस कानाला लावून ऐकतात. बॉल फ्लोटचा खळखळाट सतत ऐकू येतो, चकतीची टिकटिक वेगळी कळते आणि सतत फुत्कार ऐकू आला तर झडप उघडीच राहिलेली असते. केवळ तापमान मोजून समजत नाही, कारण दाब चढलेल्या पाइपात ट्रॅपच्या दोन्ही बाजू सारख्याच गरम असतात. ७ बारवर तीन मिलिमीटरचं भोक उघडं राहिलं, तर तासाला अंदाजे २० किलो वाफ जाते. दिवसाला ४८० किलो, म्हणजे जवळपास ३७ किलो फर्नेस ऑइल.

ज्यांच्या आवारात वाफेची लाइन आहे त्यांना एकच विनंती. नवे ट्रॅप मागवण्याआधी परतीच्या पाइपावर, सगळ्यात कमी दाबाच्या यंत्राजवळ, एक प्रेशर गेज बसवा आणि सगळी यंत्रं चालू असताना काटा कुठे आहे ते पाहा. तो काटा त्या यंत्राच्या दाबाच्या निम्म्यावर गेला असेल, तर ट्रॅप बदलून काही होणार नाही, आधी पाइप बदला.