मायक्रोफोन जवळ, फीड आपल्या ताब्यात

समजा, साताऱ्यातल्या एका निवृत्त एसटी चालकाशी अर्धा तास गप्पा मारून तुम्हाला पॉडकास्टचा पहिला भाग काढायचा आहे. जागा म्हणजे घरातली दहा बाय बाराची खोली, डोक्यावर पंखा आणि खिडकीखाली रस्ता. बोलणारे काका रंगतदार आहेत, घाटातल्या आठवणींचा साठा मोठा आहे. असा भागही ऐकणाऱ्याला पाच मिनिटांत नकोसा होऊ शकतो. त्यामागे बहुतेक वेळा पुढचेच दोन-चार समज असतात.

गैरसमज : चांगल्या आवाजासाठी महागडा मायक्रोफोन लागतो.

किमतीपेक्षा अंतराचा परिणाम कितीतरी मोठा असतो. बोलणाऱ्याचं तोंड आणि मायक्रोफोन यांतलं अंतर निम्मं केलं, की थेट पोचणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो. टेबलाच्या मध्यभागी ठेवलेला मायक्रोफोन काकांपासून ६० सेंटिमीटरवर असेल आणि तो १५ सेंटिमीटरवर आणला, तर अंतर दोनदा निम्मं झालं, म्हणजे १२ डेसिबल मिळाले. पंख्याची घरघर आणि भिंतींवरून परतणारा आवाज मात्र खोलीभर जवळपास सारखाच पसरलेला असतो. मायक्रोफोन सरकवल्याने तो वाढत नाही. आता तुम्ही रेकॉर्डिंगची पातळी तेवढीच, १२ डेसिबलने, खाली आणू शकता. काकांचा आवाज होता तेवढाच राहतो, पंखा आणि खोली मागे जातात. एवढा फरक केवळ महागडा मायक्रोफोन घेऊन पडत नाही.

डायनॅमिक मायक्रोफोन बाहेरचा गोंगाट घेत नाही आणि कंडेन्सर सगळं टिपतो, असंही दुकानात सांगतात. दोन्ही एकाच अंतरावर ठेवले, दोघांची दिशा टिपण्याची पद्धत सारखी असली आणि पातळी जुळवून घेतली, तर बोलणं आणि गोंगाट यांचं प्रमाण दोघांत जवळपास सारखंच येतं. डायनॅमिकची ख्याती त्याच्या वापरण्याच्या सवयीतून आली आहे : तो मुळातच तोंडाजवळ धरला जातो.

वितीपेक्षा कमी, म्हणजे १० ते १५ सेंटिमीटर, हे बोलण्यासाठी सोयीचं अंतर. याहून फार जवळ गेलं की दोन अडचणी येतात. एक म्हणजे आवाजातला खर्ज फुगतो आणि घुमल्यासारखा वाटतो. दुसरी म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना तोंडातून निघणारा हवेचा झोत थेट मायक्रोफोनवर आपटून ‘भप्’ असा ठोका बसतो. मराठीत फणस, भाकरी, फाटक असे शब्द पावलोपावली येतात. ओठांसमोर तळहात धरून ‘फाटक’ म्हणा. झोत कुठे लागतो ते कळेल. मायक्रोफोन त्या झोतात ठेवायचा नाही. तो तोंडाच्या कोपऱ्याशी, साधारण ३० ते ४५ अंशांच्या कोनात ठेवायचा आणि त्याचा रोख ओठांकडे राहू द्यायचा. झोत बाजूने निघून जातो, बोलणं पोचतं. पॉप फिल्टर लावला तर उत्तमच, पण आधी जागा बदलून पाहावी.

मायक्रोफोनची ऐकण्याची बाजू कोणती, हे तपासायला फार जण विसरतात. काही मायक्रोफोन टोकाकडून ऐकतात, तर काही उभ्या डब्यासारख्या यूएसबी मायक्रोफोनची ऐकण्याची बाजू पुढच्या जाळीत असते. अशा मायक्रोफोनचं टोक तोंडाकडे वळवून बोललं, की आवाज लांबून आल्यासारखा येतो आणि दोष यंत्राला दिला जातो. खात्री करायला हेडफोन लावून मायक्रोफोनभोवती बोलत फिरावं. कुठल्या बाजूला आवाज भरतो आणि कुठे पडतो, ते लगेच ऐकू येतं. कार्डिऑइड प्रकारच्या मायक्रोफोनला पाठीमागून सर्वांत कमी ऐकू येतं. ती पाठ खिडकीकडे करायची.

दोन माणसं असतील तर दोन मायक्रोफोन हवेत, आणि त्या दोहोंतलं अंतर प्रत्येकाच्या तोंडापासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट असावं. तोंड १५ सेंटिमीटरवर, तर मायक्रोफोन एकमेकांपासून ४५ सेंटिमीटर किंवा जास्त. समोरासमोर बसलं की तुमच्या मायक्रोफोनची पाठ आपोआप काकांकडे होते आणि त्यांचा आवाज तुमच्या ट्रॅकमध्ये कमी झिरपतो. आणि हो, काका बोलायच्या भरात मागे रेलणार. तेव्हा मायक्रोफोन त्यांच्या मागोमाग जायला हवा, त्यामुळे टेबलावरच्या छोट्या स्टँडपेक्षा वाकवता येणारा लांब दांडा बरा.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याबद्दल एवढंच : रस्त्यावरचा हॉर्न ते अडवत नाहीत आणि खोलीतला घुमाराही फारसा शोषत नाहीत. त्यापेक्षा गाद्या, गोधड्या आणि कपड्यांचं उघडं कपाट असलेली झोपायची खोली निवडा.

गैरसमज : काही राहिलं तर नंतर सॉफ्टवेअरमध्ये साफ करता येतं.

काही गोष्टी साफ होतात, काही होत नाहीत. पंख्याची घरघर एकसारखी असते, म्हणून ती बऱ्यापैकी काढता येते. त्यासाठी रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर सगळ्यांनी अर्धं मिनिट गप्प बसायचं. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो शांत तुकडा निवडून Noise Reduction मध्ये Get Noise Profile दाबायचं, मग पूर्ण ट्रॅकवर ६ ते १२ डेसिबलची कपात लावायची. जास्त ओढलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा, धातूच्या छटेचा होतो. तसं ऐकू आलं, तर कपात कमी करा. मागे थोडा पंखा राहिलेला चालतो.

घुमारा मात्र बोलण्याच्याच अक्षरांनी बनलेला असतो, त्यामुळे तो बोलण्यापासून नीट वेगळा करता येत नाही. आणि पातळी शून्य डेसिबलला जाऊन आपटली, की लाटेचं डोकं सपाट कापलं जातं. काका मोठ्याने हसले त्या जागी स्क्रीनवर असा सपाट माथा दिसला, तर ते हसू चिरकं झालं. मूळ लाट फाइलमध्ये उरलेलीच नाही. म्हणून सुरुवातीला त्यांना एखादा किस्सा रंगवून सांगायला लावा आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील अशी पातळी ठेवा. ‘हॅलो, चेक’ म्हणताना कुणी गप्पांतल्यासारखं मोठ्याने बोलत नाही.

तो अर्ध्या मिनिटाचा शांत तुकडा आणखी एका कामाला येतो. कुकरची शिट्टी किंवा नको असलेलं वाक्य कापून तिथे निव्वळ शांतता ठेवली, तर पंखा क्षणभर बंद पडल्यासारखं वाटतं आणि काप उघडा पडतो. तिथे खोलीची तीच शांतता भरायची. प्रत्येक ‘अं’ आणि श्वास कापण्याचा सोस मात्र धरू नये. विचार करताना काका थांबतात तो थांबा गेला, तर किस्साही घाईने सांगितल्यासारखा होतो.

गैरसमज : लाट स्क्रीनभर उंच दिसली म्हणजे आवाज पुरेसा मोठा झाला.

एका टाळीनेही लाट उंच दिसते. कानाला जाणवणारा सरासरी मोठेपणा LUFS या एककात मोजतात. ॲपलची पॉडकास्टसाठीची शिफारस आहे उणे १६ LUFS च्या आसपास, आणि सर्वोच्च शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ नये. आधी कॉम्प्रेसरने काकांचं पुटपुटणं आणि हसणं यांतली तफावत थोडी कमी करा, मग Loudness Normalization मध्ये -16 घाला. ट्रॅक मोनो असेल तर Treat mono as dual-mono वर खूण असू द्या, नाहीतर भाग इतरांपेक्षा मोठा वाजेल. शेवटी शिखरं तपासा. ती वर गेली असतील तर लिमिटर लावा.

गप्पांना मोनो पुरतो. ९६ केबीपीएसच्या एमपीथ्रीत अर्धा तास म्हणजे सुमारे २१.६ एमबी. मूळ डब्ल्यूएव्ही जपून ठेवा, कारण एमपीथ्री करताना गेलेला तपशील परत येत नाही.

गैरसमज : भाग स्पॉटिफायवर आणि ॲपलवर अपलोड करायचा असतो.

ॲपलच्या पॉडकास्ट यादीत साधारणपणे तुमचा आवाज साठवलेला नसतो. आवाजाची फाइल होस्टिंग सेवेच्या सर्व्हरवर असते आणि तिच्याबरोबर असते फीड, म्हणजे आरएसएस नावाची साध्या मजकुराची फाइल. ॲप ती फाइल वरचेवर वाचतं आणि नवी नोंद दिसली की श्रोत्याला नवा भाग दाखवतं. प्रत्येक ठिकाणी फीडचा पत्ता फक्त एकदाच द्यायचा असतो. आपल्या भागाची नोंद अशी दिसेल :

```
<item>
  <title>घाटातली रात्रपाळी</title>
  <enclosure url="https://example.com/bhag1.mp3"
    length="21600000" type="audio/mpeg"/>
  <guid isPermaLink="false">ghat-001</guid>
  <pubDate>Mon, 06 Jan 2025 07:00:00 +0530</pubDate>
</item>
```

होस्टिंग सेवा हे तुमच्यासाठी लिहिते, पण यातल्या दोन ओळी कळलेल्या बऱ्या. `enclosure` मधला पत्ता थेट फाइलचा असावा लागतो. गूगल ड्राइव्हची शेअर लिंक इथे चालत नाही, कारण ती फाइलऐवजी वेबपान उघडते. शिवाय ऐकणाऱ्याला मधूनच पुढे सरकता यावं म्हणून सर्व्हरने फाइलचा हवा तेवढाच तुकडा द्यायला हवा. स्वतःच्या साध्या सर्व्हरवर फाइल ठेवणारे नेमके इथे अडतात.

`guid` ही भागाची ओळख. ती एकदा दिली की बदलायची नाही. प्रसिद्ध झाल्यावर गावाचं नाव चुकल्याचं लक्षात आलं, तर दुरुस्त फाइल चढवा आणि `guid` तीच ठेवा. ती बदलली, तर ॲपला तो नवा भाग वाटतो आणि श्रोत्यांच्या यादीत एकच मुलाखत दोनदा दिसते. ज्यांनी आधीच भाग उतरवून घेतला आहे, त्यांच्याकडे जुनीच फाइल राहते.

२०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स हे ॲप बंद झालं, पण ज्यांच्या हातात स्वतःचं फीड होतं त्यांचे कार्यक्रम इतर ॲपमध्ये तसेच चालू राहिले. होस्टिंग सेवा निवडताना म्हणूनच किमतीआधी विचारा : सोडून जाताना जुन्या फीडच्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट लावून देणार का? तो नसेल, तर जुने श्रोते जुन्याच पत्त्यावर थांबतील आणि त्यांना नवे भाग दिसणारच नाहीत. रीडायरेक्ट किमान चार आठवडे ठेवावा, असं ॲपल सांगतं. फीडमध्ये ईमेलचा पत्ताही जातो आणि मालकीची खातरजमा करायला काही ठिकाणी त्यावरच कोड येतो. तो पत्ता चालू हवा, पण सगळ्यांना दिसू शकतो म्हणून वेगळा काढलेला बरा.

पहिला भाग चढवला की त्याच सकाळी तो सगळीकडे दिसेल, हीसुद्धा चुकीची अपेक्षा. नवा कार्यक्रम यादीत घेण्याआधी ॲपल तो तपासतं, आणि तपासायला फीडमध्ये निदान एक नोंद लागते. मुखचित्रही लागतं : चौरस, १४०० ते ३००० पिक्सेल, जेपीजी किंवा पीएनजी. म्हणून काकांच्या एखाद्या वाक्याचा मिनिटभराचा ट्रेलर काही दिवस आधी चढवून फीडचा पत्ता सगळीकडे देऊन ठेवावा. ट्रेलर यादीत दिसू लागला, म्हणजे मुलाखत ठरलेल्या दिवशी फीडमध्ये टाकायची; ॲप ती आपण होऊन उचलतील.